चक्र, क्रॉस, चांद आणि ओम: ही चिन्हं नेमकं काय सांगतात

क्रॉस दिसला की ख्रिश्चन, चांद दिसला की मुसलमान, ओम म्हणजे हिंदू आणि चक्र म्हणजे बौद्ध, एवढं शाळेतलं पोरगंही सांगतं. पण हे झालं चिन्ह कुणाचं ते. चिन्ह काय सांगतंय हा प्रश्न वेगळाच, आणि त्याचं उत्तर विचारलं की आपण बहुतेक जण शांती, प्रेम, एकता असं काहीतरी गोड बोलून पुढे सरकतो. मला हे खटकतं, कारण यातल्या प्रत्येक चिन्हामागे एक अगदी ठराविक गोष्ट आहे. कधी एखादा प्रसंग, कधी एखादी कृती, कधी नुसता आवाज. ती गोष्ट माहीत नसेल तर चिन्ह नुसती नक्षी होऊन बसतं, आणि मग त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वाटेल ते अर्थ चिकटतात.

मी चक्रापासून सुरू करतो आणि त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे, कारण ते आपल्या झेंड्यावर आहे, नोटेवर आहे, आपल्या लेण्यांत आहे, आणि तरी सगळ्यात कमी समजलेलं आहे.

एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला गेलेले लोक भरपूर असतील. देवळाला लागूनच मोठं चैत्यगृह आहे, आणि त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला एक उंच दगडी खांब आहे, सोळा बाजूंचा, वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. घाईत सगळे त्याच्याखालून जातात. खांबावर ब्राह्मीत कोरलंय की हा सिंहस्तंभ गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक याने दान दिला. खांब साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. आता वर बघा, सिंह आहेत पण सिंहांच्या डोक्यावर काहीच नाही. अभ्यासकांचं म्हणणं आहे की तिथे चक्र असणार, म्हणजे सिंह ही त्या चक्राची बैठक होती. आपण बघतो ते सिंह आणि मुख्य गोष्ट होती ती गेली.

सारनाथला अगदी हेच झालंय. 1905 साली तिथल्या उत्खननात अशोकाच्या खांबाचं चार सिंहांचं शीर्ष सापडलं, तेच आपलं राजचिन्ह. त्या सिंहांच्या डोक्यावरही मूळ एक मोठं दगडी चक्र होतं, त्याचे तुकडे तिथेच मिळाले. सिंहांच्या पायाखाली जी गोल पट्टी आहे तिच्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी आहेत आणि दोन-दोन प्राण्यांच्या मध्ये एक अशी चार छोटी चक्रं. आपल्या नोटेवरच्या राजचिन्हात खाली मध्यभागी दिसतं ते या चारांतलं एक. वरचं मोठं चक्र राजचिन्हात घेतलेलंच नाही.

मग सारनाथलाच चक्र का? कारण ती गोष्ट तिथेच घडली. ज्ञान मिळाल्यावर बुद्ध बोधगयेहून चालत सारनाथला आले, त्या काळी त्या जागेला इसिपतन आणि मिगदाय म्हणायचे, मिगदाय म्हणजे हरणांचं राखीव रान, आणि तिथे आपल्या पाच जुन्या सोबत्यांना त्यांनी पहिला उपदेश केला, आषाढी पौर्णिमेला. या उपदेशाच्या सुत्ताचं नावच धम्मचक्कप्पवत्तन, धम्माचं चाक फिरवायला सुरुवात करणं. म्हणजे चक्र हे बुद्धांचं चित्र नाही आणि धम्म नावाच्या एखाद्या वस्तूचंही चित्र नाही. ते एका कृतीचं चिन्ह आहे. कुणीतरी चाकाला पहिला धक्का दिला आणि ते चालायला लागलं, एवढं ते सांगतं. सुत्तात पुढे असंही येतं की उपदेश झाल्याबरोबर देवांनी घोषणा केली, आता हे फिरलेलं चाक कुणी श्रमण, ब्राह्मण, देव, मोहात पाडणारा मार, कुणीही उलटं फिरवू शकत नाही.

आता चाकच का, दुसरं काही का नाही, तर तिथे राजाची कल्पना आहे. जुन्या भारतात ज्याच्या रथाचं चाक अडवायला कुणी धजत नाही तो चक्रवर्ती. बुद्धांच्या जन्मानंतर भविष्य सांगितलं गेलं की हा मुलगा घरी राहिला तर चक्रवर्ती होईल आणि घर सोडलं तर बुद्ध होईल, ही कथा बहुतेकांना माहीत असते. त्यांनी राज्य सोडलं पण चाक सोडलं नाही, फक्त ते कशाचं चाक आहे हे बदलून टाकलं. राजाच्या चाकाखाली प्रदेश येतो. या चाकाच्या वाटेत येणाऱ्याला समजावून सांगायचं असतं. सारनाथच्या खांबावरचे सिंह आणि चक्र हे दोन्ही एकाच वेळी राजाचंही आणि बुद्धांचंही आहे, आणि ते उभं करणारा अशोक स्वतः राजा होता, त्यामुळे त्याला हे दोन्ही अर्थ नक्की हवे असणार असं मला वाटतं.

उपदेशात नेमकं काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण चक्र फिरणं म्हणजे काय ते तिथेच कळतं. चार आर्यसत्यं आपल्याला पाठ असतात, दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःख थांबू शकतं, आणि ते थांबवायचा मार्ग आहे. पण सुत्त इथे थांबत नाही. प्रत्येक सत्याला ते तीन फेरे देतं. पहिला फेरा: हे असं आहे. दुसरा फेरा: याचं काय करायला पाहिजे. तिसरा: ते करून झालं. आणि काय करायचं ते प्रत्येकासाठी वेगळं आहे, दुःख पूर्ण जाणून घ्यायचं, त्याचं कारण म्हणजे तृष्णा ती सोडायची, दुःखाचा निरोध स्वतः अनुभवायचा, आणि मार्ग आचरणात आणून वाढवायचा. चार सत्यं गुणिले तीन फेरे असे बारा आकार होतात, आणि बुद्ध तिथे स्पष्ट म्हणतात की या तीन फेऱ्यांचं आणि बारा आकारांचं ज्ञान जोवर स्वच्छ झालं नव्हतं तोवर मी स्वतःला बुद्ध म्हणवून घेतलं नाही. म्हणजे नुसतं माहीत असणं हा पहिलाच फेरा झाला. पुढचे दोन माणसाने स्वतः घ्यायचे असतात.

आरे किती असावेत यावर लोक फार बोलतात. आठ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग, सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत, हे आज सगळीकडे मान्य आहे आणि त्यात चुकीचं काही नाही. पण त्या सुत्तात आठ अंगांचा मार्ग आहे, आठ आऱ्यांचं चाक कुठेही नाही. जुन्या शिल्पांत आऱ्यांची संख्या सारखी नसते, खुद्द अशोकाच्या सारनाथच्या पट्टीवरच्या चक्रांना 24 आरे आहेत. थोडक्यात, आठ हा नंतर पक्का झालेला अर्थ आहे. म्हणून एखाद्या जुन्या दगडावर सोळा किंवा बत्तीस आरे मोजले तर ते चक्र चुकलंय असं समजू नका.

आणि तोच प्रकार झेंड्याचा. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. त्याआधीच्या झेंड्यावर पूर्ण चरखा होता, पण चरखा एका बाजूने बघितला तर चाक इकडे आणि चाती तिकडे, दुसऱ्या बाजूने बघितला की उलट, झेंडा तर दोन्हीकडून सारखा दिसायला पाहिजे, ही अडचण नेहरूंनी सभेत बोलून दाखवली. मग चरख्यातलं चाक तेवढं ठेवायचं ठरलं आणि ते चाक कसं असावं तर सारनाथच्या सिंहशीर्षाच्या पट्टीवर आहे तसं, असं ठरावात आलं. म्हणजे ते एकाच वेळी चरख्याचंही आहे आणि अशोकाचंही. 24 आरे सारनाथवरून आले. आता फॉरवर्डमध्ये फिरतं की 24 आरे म्हणजे प्रेम, धैर्य, संयम असे 24 गुण, किंवा दिवसाचे 24 तास. त्या ठरावात असली काहीही यादी नाही. बौद्ध परंपरेत प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख एकातून एक कसं उपजतं त्या साखळीच्या, बारा कड्या सुलट आणि उलट मोजून चोवीस असा एक अर्थ लावतात, त्याला निदान आतला धागा तरी आहे, पण तोही अर्थ लावलेला आहे, अशोकाने लिहून ठेवलेला नाही.

झेंडा ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब आंबेडकर होते. आणि नऊ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी नागपूरला त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर तिथे जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्या दिवसाला आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतो. हे नाव सारनाथच्या पहिल्या उपदेशाचं आहे. चाक परत एकदा फिरवलं, हे या नावात सरळ सांगितलंय. त्यामुळे निळ्या झेंड्यावरचं 24 आऱ्यांचं चक्र आणि तिरंग्यावरचं चक्र आकाराने एकच असलं तरी निळ्या झेंड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला सारनाथबरोबर दीक्षाभूमीही दिसत असते, आणि हा अर्थ पुस्तकातून आलेला नाही, तो त्या लोकांनी स्वतः जगून त्या चक्राला दिलेला आहे.

लेण्यात गेल्यावर चक्र ओळखायचं कसं, हेही सांगतो. सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धांची मूर्ती नसते, त्यांच्या जागी बोधिवृक्ष, रिकामं आसन, पावलं, स्तूप नाहीतर चक्र असतं. सांचीच्या तोरणांवर खांबावर ठेवलेलं चक्र आणि भोवती हात जोडलेले लोक दिसतात. भारहुतच्या एका शिल्पात तर चक्राशेजारी कोरूनच ठेवलंय, भगवतो धमचकं. ते शिल्प आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. पुढे मूर्ती आल्या तेव्हा चक्र खाली आसनावर गेलं. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक 1 मध्ये गाभाऱ्यातले बुद्ध बघा, दोन्ही हात छातीपाशी, बोटांचं कडं केलेलं, ही धर्मचक्र प्रवर्तन मुद्रा, आणि खाली आसनाच्या पट्टीवर चक्र, दोन बाजूंना दोन हरणं. हरणं म्हणजे मिगदाय. एवढ्या खुणा एकत्र दिसल्या की हा प्रसंग सारनाथचा आहे हे नक्की, मग मूर्ती कुठल्याही गावात का असेना. कधीकधी तिथे चक्र पटकन दिसतच नाही, कारण शिल्पकाराने ते समोरून गोल न दाखवता कडेकडून दाखवलेलं असतं, त्यामुळे मधोमध एक उभी जाड पट्टी दिसते. सारनाथच्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध बुद्धमूर्तीखाली तसंच आहे.

फक्त एक सावधगिरी. चक्र बौद्धांचं एकट्याचं नाही. विष्णूच्या हातातलं सुदर्शन हे शस्त्र आहे, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. जैन मूर्तींच्या आसनावरही धर्मचक्र असतं आणि काही ठिकाणी हरणंही असतात, शिवाय एकटं हरीण हे शांतिनाथ तीर्थंकरांचं लांछन, म्हणजे ओळखीची खूण आहे. अशा वेळी वरची मूर्ती बघायची. बैठ्या तीर्थंकरांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत ठेवलेले असतात आणि छातीवर बऱ्याचदा श्रीवत्साची खूण असते. आणि जैनांच्या आजच्या चिन्हात उघड्या तळहातावर चक्र असून मध्ये अहिंसा लिहिलेलं असतं, तिथे तो हात थांब म्हणतोय, हिंसेआधी थांब. महावीरांच्या निर्वाणाला 2500 वर्षं झाली तेव्हा सगळ्या जैन पंथांनी मिळून हे चिन्ह स्वीकारलं.

आता क्रॉस. चक्राच्या मागे राजाचा मान तरी होता, क्रॉसच्या मागे अपमान आहे, आणि हे लक्षात आल्याशिवाय क्रॉस कळतच नाही. रोमन साम्राज्यात क्रूसावर चढवणं ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, मुद्दाम रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी. इसवी सन पूर्व 71 मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार जणांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने असं टांगलं होतं. येशूला हीच शिक्षा झाली. त्यामुळे आपला देव क्रूसावर मेला असं सांगणारे लोक बाकीच्यांना वेडे वाटायचे, आणि संत पौलाने तसं लिहूनही ठेवलंय की क्रूसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवरच्या एका भिंतीवर कुणीतरी खरवडलेलं जुनं चित्र सापडलंय, क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आणि खाली हात वर करून उभा असलेला एकजण, सोबत लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रूसावरच्या येशूच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते टिंगल करणाऱ्याने काढलेलं आहे. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतः मासा, जहाजाचा नांगर अशी चिन्हं जास्त वापरायचे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूने आला, ही शिक्षा बंद झाली, आणि मग हळूहळू क्रॉस उघडपणे मिरवला जायला लागला. जोवर माणसं खरोखर त्याच्यावर मरत होती तोवर त्याला चिन्ह करणं अवघडच होतं.

म्हणून क्रॉसचा अर्थ नुसता त्याग असा सांगणं मला अपुरं वाटतं. सत्तेने ज्या वस्तूने माणसाला संपवलं तीच वस्तू त्याच्या लोकांनी विजयाची खूण म्हणून उचलली. मरण झालं आणि ते शेवटचं ठरलं नाही, कारण तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान झालं, असं ते सांगतं. आता क्रूसावर येशूचं शरीर असेल तर जोर दुःखसहनावर असतो आणि रिकामा क्रूस असेल तर पुनरुत्थानावर. कॅथलिक चर्चमध्ये वेदीपाशी शरीरासह क्रूस असतो, त्याच्यावरच्या पाटीवर आय एन आर आय ही चार लॅटिन अक्षरं, म्हणजे नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा, तर बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये साधा रिकामा क्रूस असतो. पण हा नियम चर्चच्या आतला, रस्त्यावर तो चालत नाही. वांद्रे, गिरगाव, वसई, सगळीकडे कॅथलिकांचे रस्त्याकडेचे क्रूस आहेत आणि बहुतेकांवर शरीर नसतं. जुन्या दगडी क्रूसांजवळ जाऊन बघा, त्यावर हातोडा, खिळे, शिडी, काट्यांचा मुकुट, कोंबडा, फासे असं कोरलेलं सापडतं. ती सगळी गोष्टच आहे, कोंबडा आरवायच्या आत पेत्राने येशूला तीनदा नाकारलं तो कोंबडा, आणि सैनिकांनी येशूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्याची खूण म्हणजे ते फासे. वाचता न येणाऱ्यालाही गुड फ्रायडेची पूर्ण कथा त्या एका दगडावर वाचता यायची. मुंबईतले यातले कित्येक क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीत लोकांनी रक्षणासाठी उभे केलेले आहेत. गोव्यात क्रूसाला खुरीस म्हणतात, मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसापाशी लोक जमून लदाईन नावाची प्रार्थना म्हणतात.

दवाखान्याचा लाल क्रॉस मात्र वेगळा. 1864 च्या जिनिव्हा करारात युद्धातल्या जखमींची सेवा करणाऱ्यांसाठी एक खूण ठरली, पांढऱ्यावर लाल क्रॉस, स्विस झेंड्याचे रंग उलटे करून. यात धर्म आणायचा हेतू नव्हता. पण 1876 मध्ये ऑटोमन तुर्कांनी कळवलं की आमच्या सैनिकांना हा क्रॉस क्रुसेडची, म्हणजे धर्मयुद्धांची आठवण करून देतो, आम्ही लाल चंद्रकोर वापरणार. 1929 मध्ये चंद्रकोरीलाही करारात जागा मिळाली, आणि 2005 मध्ये कुठल्याच धर्माशी संबंध नसलेला लाल स्फटिक ही तिसरी खूण आली. चिन्ह बनवणाऱ्याच्या मनात काय आहे त्याने अर्थ ठरत नाही, समोरच्याच्या आठवणीत काय आहे तेही मोजावं लागतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आणि जाता जाता, आपल्याकडे डॉक्टर लोक गाडीवर आणि मेडिकलवाले पाटीवर सर्रास लाल क्रॉस लावतात, तो भारतात 1960 च्या कायद्याने परवानगीशिवाय लावता येत नाही, कारण युद्धात ती खूण म्हणजे गोळी झाडू नका असा इशारा असतो.

तर चंद्रकोर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. इस्लामच्या सुरुवातीला चांद हे धर्माचं चिन्ह नव्हतंच. कुराणात चंद्रकोरींचा उल्लेख येतो तो वेळ मोजण्यासाठी, लोक तुला नव्या चंद्राबद्दल विचारतात, सांग की ती माणसांसाठी आणि हजसाठी काळाची खूण आहे, अशा अर्थाची आयत दुसऱ्या सूरेत आहे. चंद्राची पूजा इस्लाममध्ये नाही. चांद-ताऱ्याची जोडी जुनीच आहे, बायझेंटियम म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या नाण्यांवर ती इस्लामच्या कितीतरी आधी होती. मुसलमानांची खूण म्हणून ती जगभर पोचली ती मुख्यतः ऑटोमन साम्राज्यामुळे, त्यांच्या झेंड्यावर चांद-तारा आला आणि पुढे अनेक नव्या देशांनी तो उचलला. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर, जिथे मक्का-मदिना आहे तिथल्या, चांद नाही, कलमा आणि तलवार आहे.

पण रोजच्या जगण्यात चंद्रकोरीला खरा अर्थ आहे आणि तो कॅलेंडरचा आहे. हिजरी महिना नवी कोर दिसली की सुरू होतो, 29 दिवसांनी दिसली नाही तर 30 पूर्ण करायचे. बारा महिन्यांचे होतात साधारण 354 दिवस, अधिक महिना टाकायचा नाही असा नियम आहे, म्हणून ईद दरवर्षी अंदाजे 11 दिवस अलीकडे येते आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच पण आपण अधिक महिना घालून ते ऋतूशी बांधून ठेवतो, म्हणून दिवाळी कधी पावसाळ्यात जात नाही. एक बारीक गोष्ट बघा, अमावास्येनंतरची नवी कोर आपल्याकडे संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि तिची उजळ कड उजवीकडे खाली, मावळलेल्या सूर्याच्या बाजूला असते. तुर्कस्तानच्या झेंड्यावरची कोर बरोबर उलटी, उजळ कड डावीकडे, जशी अमावास्येआधी पहाटे पूर्वेला दिसते. म्हणजे झेंड्यावरची कोर ही ईदचा चांद बघून काढलेली नाही, ती आकार म्हणून वेगळ्या वाटेने आलेली आहे.

आणि महाराष्ट्रात दगडावर कोर दिसली की लगेच मुसलमानी काळ म्हणू नका. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे लढाईत पडलेल्या वीरांचे वीरगळ असतात, दान मोडणाऱ्याला शाप देणारे शिलाहार-यादवांच्या काळातले गद्धेगाळ असतात, त्यांच्या अगदी वरच्या भागात सूर्य आणि चंद्रकोर कोरलेली असते. तिथे अर्थ आहे जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर. दान दिलं ते तोवर चालेल, वीराची कीर्ती तोवर राहील. आणि शंकराच्या जटेतली कोर ही तिसरीच गोष्ट.

ओमबद्दल मी थोडक्यात सांगतो कारण तो या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. चक्र, क्रूस, चंद्र या बघायच्या गोष्टी आहेत, ओम मुळात ऐकायची. मांडूक्य उपनिषद फक्त बारा मंत्रांचं आहे आणि सगळं ओमवरच आहे. त्यात अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप, आणि या तिन्हींच्या पलीकडची चौथी अवस्था, जिला अक्षरच नाही. पोस्टरवर दाखवतात की ॐ च्या खालच्या वळणात जागेपण, वरच्यात झोप, बाजूच्यात स्वप्न, चंद्रकोर म्हणजे माया आणि बिंदू म्हणजे चौथी अवस्था. कल्पना सुंदर आहे, ध्यानाला उपयोगीही असेल, पण उपनिषद आवाजाच्या मात्रांबद्दल बोलतंय, देवनागरीतल्या वळणांबद्दल नाही. तमिळ किंवा बंगालीत ओम वेगळा दिसतो, आणि तिथे अर्थ काही कमी होत नाही. आकाराशी ओमला जोडायचं सगळ्यात सुंदर काम माझ्या मते ज्ञानेश्वरांनी केलंय, ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, अकार हे गणपतीचे दोन चरण, उकार हे विशाल पोट, मकार हे मस्तकाचं महामंडल. म्हणून आपल्याकडे ओम म्हटलं की गणपती डोळ्यापुढे येतो, बाकी भारतात तसं होईलच असं नाही.

जैन परंपरेत हाच ओम वेगळ्या हिशोबाने येतो. अरिहंतांचा अ, सिद्धांना अशरीर म्हणतात त्याचा अ, आचार्यांचा आ, उपाध्यायांचा उ आणि मुनींचा म, असे पाच परमेष्ठी मिळून ओम, म्हणजे तो म्हणणारा पाचांना नमस्कार करतोय, सृष्टीच्या मूळ तत्त्वाबद्दल बोलत नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबची सुरुवात इक ओंकारने होते आणि तिथे ओंकाराच्या आधी चक्क एक हा आकडा लिहिलेला आहे, परमेश्वर एकच, यात कुणाला शंका राहू नये म्हणून. तिबेटी बौद्धांच्या ओम मणि पद्मे हूं मध्ये तो मंत्राचं पहिलं अक्षर आहे, आणि तो जप अवलोकितेश्वराचा, करुणेच्या बोधिसत्त्वाचा. त्यामुळे एखाद्या दारावर ओम दिसला तर आधी बघा घर कुणाचं आहे, देवघरात कोण आहे, आणि शक्य असेल तर त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुम्ही तो म्हणता तेव्हा मनात काय असतं.